बॅकअप झाला… की झाला नाही? सत्तर जागांत मावणारा निरोप

रात्रीचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर जागा नसल्यामुळे पूर्ण होऊ शकला नाही.

वाक्यात चूक काहीच नाही. काय घडले ते कळते, कारणही कळते. पण हेच वाक्य पहाटे फोनच्या लॉक स्क्रीनवर आले की एका ओळीत मावेल तेवढेच दिसते: "रात्रीचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर…" आणि तीन टिंबे. अर्धवट झोपेत वाचणारा पुढचे मनानेच पूर्ण करतो, "पोहोचला असेल", आणि कुशीवर वळतो. निरोप आला, वाचला गेला आणि उलटा समजला.

हा दोष लिहिणाऱ्याचा कमी आणि मराठीच्या बांधणीचा जास्त आहे. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही नंतर. "पोहोचली नाही" मधला "नाही" कापला गेला की "पोहोचली" उरते. लांब वाक्य मागून कापले जाणार असेल, तर मराठीत सर्वांत आधी बळी जातो तो निकालाचा. म्हणून "निकाल आधी लिहा" हा सल्ला मराठीत पाळायचा तर वाक्याची नेहमीची घडी मोडावी लागते. ती कशी मोडायची, हे एका रात्रीच्या बॅकअपवरून पाहू.

रन रिपोर्ट म्हणजे आपोआप चालणारे काम संपल्यावर त्याने पाठवलेली खबर. कुणाचा बॅकअप असतो, कुणाची रात्रीत होणारी हिशेबाची जुळवणी, कुणाचा तासनतास चालणारा मोजमापाचा प्रोग्राम. काम चालू असताना माणूस समोर नसतो, म्हणून खबर फोनवर येते. ती वाचणारा त्या वेळी रांगेत, जिन्यात किंवा अंथरुणात असतो. तो फोन उघडेलच असे नाही. वरवर नजर टाकेल आणि उठायचे की नाही एवढे ठरवेल. तो निर्णय त्याला घेता यावा, इतकेच या खबरीचे काम आहे. बाकी तपशील लॉगमध्ये असतोच.

आपल्या उदाहरणातले काम असे आहे. रात्री २ वाजता `srv3` या मशीनवर विक्रीच्या डेटाबेसची प्रत काढायची, ती त्याच मशीनवर ठेवायची आणि मग `store2` नावाच्या दुसऱ्या मशीनवर पाठवायची. एका रात्रीचा लॉग, फापटपसारा काढून:

```
02:00:01 start sales_db
02:11:47 dump ok, 4.2G
02:11:48 rsync to store2
02:19:30 write failed: No space left on device (28)
02:19:30 rsync error: error in file IO (code 11)
```

पहिली प्रत निघाली आहे, ४.२ जीबीची. ती पाठवताना पलीकडची डिस्क भरली आणि पाठवण्याचे काम करणारा `rsync` ११ हा कोड देऊन थांबला. म्हणजे काम पूर्ण झालेले नाही आणि पूर्ण बुडालेलेही नाही. डेटा आजही सुरक्षित आहे, पण एकाच जागी. तेच मशीन बंद पडले तर हातात कालची प्रत राहील.

नवख्या स्क्रिप्टा अशा वेळी लॉगची पहिली ओळ उचलून पाठवतात. तीत असते काय? कामाचे नाव आणि सुरू झाल्याची वेळ. बसची पाटी वाचावी तसे ते वाचायचे आणि बस आली की नाही ते शेवटपर्यंत कळायचे नाही. काही स्क्रिप्टा त्याउलट चूक सांगणारी शेवटची ओळ जशीच्या तशी पाठवतात: `error in file IO (code 11)`. यातून काहीतरी बिघडले एवढे कळते, पण किती बिघडले आणि मी काय करू, हे कळत नाही.

लिहायला बसण्याआधी जागा किती आहे ते बघू, कारण एसएमएसमध्ये मराठीला जागा कमी मिळते. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. रोमन अक्षरांच्या ठरावीक संचात एका अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरी त्या संचात नाही. तिच्यासाठी फोन १६ बिटांची पद्धत वापरतो आणि ११२० ला १६ ने भागले की ७० उरतात. या ७० ला मी मुद्दाम अक्षरे म्हणत नाही, जागा म्हणतो. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो त्याला बहुतेक वेळा एकाहून जास्त जागा लागतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, प्रत्येकाला वेगळी जागा. "प्रत" हा शब्द दिसायला दोन अक्षरांचा आहे. त्यात प, पायमोड, र, त अशा चार जागा जातात. "पर्यंत"ला सहा जागा.

आणखी एक खाचखळगा खास मराठीचा आहे. "दुसऱ्या" मधला तो अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात ऱ हे वेगळे अक्षर वापरले जाते आणि शब्दाला सात जागा लागतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, पायमोड आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह येते, तेव्हा आठ. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. डोळ्यांनी मोजण्यावर विसंबू नये ते यामुळे. मोजायला एक ओळ पुरते:

```
python3 -c 'import sys; print(len(sys.argv[1].encode("utf-16-be"))//2)' "निरोप"
```

यात "निरोप" टाकला तर ५ येतात. इमोजी असेल तर तोही या मोजणीत बरोबर धरला जातो. लाल गोळ्यासारख्या बऱ्याच इमोजींना दोन जागा लागतात.

सत्तरच्या वर एक जागा गेली तर निरोप दोन तुकड्यांत जातो. तुकडे जोडण्यासाठी प्रत्येकात थोडी माहिती भरावी लागते, म्हणून मग तुकड्यामागे ७० नव्हे, ६७ जागा मिळतात. ७१ जागांचा निरोप ६७ अधिक ४ असा फुटतो आणि सहसा दोन एसएमएसचे पैसे पडतात. दोन्ही तुकडे नेटवर्कवरून वेगवेगळे प्रवास करतात. बहुतेक वेळा फोन ते नीट जोडून दाखवतो, पण एक तुकडा अडकला तर निरोपही अडकतो. ज्या रात्री खबर खरोखर हवी असते, त्या रात्री हा धोका कशाला पत्करायचा?

काही जण यावर तोडगा म्हणून मराठीच रोमन लिपीत लिहितात आणि १६० जागा मिळवतात. चालते, पण एक अट आहे. निरोपात एकही देवनागरी अक्षर, वळणदार अवतरणचिन्ह किंवा लांब डॅश शिरला, की अख्खा निरोप १६ बिटांच्या पद्धतीत जातो आणि मर्यादा पुन्हा ७० वर येते. लेखनाच्या प्रोग्राममधून नमुना चिकटवला की अशी अवतरणचिन्हे हमखास येतात. माझे मत विचाराल तर देवनागरीच ठेवावी. झोपेत रोमन मराठी वाचताना "nahi" डोळ्यांतून सुटतो. शिवाय सत्तर जागा कमी वाटल्या तरी नेमके लिहिले तर पुरतात.

आता पुन्हा सुरुवातीच्या वाक्याकडे. मोजून पाहिले तर त्याला ६९ जागा लागतात. म्हणजे ते एका एसएमएसमध्ये मावते, पण काठोकाठ, आणि तरी पुढे काय करायचे याबद्दल त्यात चकार शब्द नाही. "नाही" हा शब्द पासष्टाव्या जागेवर सुरू होतो.

पहिला बदल: निकाल एका शब्दात सांगायचा आणि तो शब्द असा निवडायचा की त्याला नकाराची शेपूट लागणार नाही. मी चार शब्द ठरवून ठेवले आहेत. झाला, अर्धवट, फसला, बेपत्ता. "झाला नाही" हे शब्द कुठल्याही निरोपात येऊ द्यायचे नाहीत, कारण कात्री "झाला"च्या पुढे कुठेही लागू शकते. "यशस्वी" आणि "अयशस्वी" ही जोडीही मी टाळतो. दोन्हींत फरक एका अक्षराचा आणि घाईत नजर शब्दाच्या आकारावरून धावते. "झाला" आणि "फसला" यांचीही गल्लत होईल असे कुणी म्हणेल. होऊ शकते. म्हणून फसल्याच्या निरोपात मागोमाग विसर्गचिन्ह नव्हे, अपूर्णविराम देतो आणि लगेच परिणाम लिहितो.

आपल्या रात्रीचा निकाल "अर्धवट". निरोपाची सुरुवात ठरली: "बॅकअप अर्धवट:" एवढ्याला तेरा जागा. कात्री पुढे कुठेही लागो, अर्थ उलटा होत नाही.

दुसरी गोष्ट, अर्धवट म्हणजे काय राहिले. इथे कारण सांगायचा मोह होतो. डिस्क भरली, कोड ११, फाइल अमुक. पण वाचणाऱ्याला आधी परिणाम हवा असतो: दुसरी प्रत नाही. या तीन शब्दांत तो धोका किती आहे ते ओळखतो. कारण वेगळे सांगायला लागतच नाही, कारण पुढच्या सूचनेत ते आपसूक येते. "जागा करा" म्हटले की जागा संपली होती हे कुणीही समजतो.

तिसरी गोष्ट म्हणजे सूचना, आणि लिहिणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा. सूचना एकच असावी. "लॉग तपासा" ही सूचना नव्हे. ती म्हणजे आपला विचार दुसऱ्याच्या गळ्यात टाकणे. `No space left on device` ही ओळ स्क्रिप्टला ओळखता येते, मग तिचा अर्थ माणसाने शोधायचा कशासाठी?

पण एकच सूचना द्यायला गेलो की अडचण लक्षात येते. `store2` वर जागा मोकळी करायची आणि मग प्रत पुन्हा पाठवायची, ही दोन कामे झाली. यातले दुसरे काम माणसाचे नाही. स्क्रिप्टला सांगून ठेवायचे की पाठवणे फसले तर दर अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न कर. मग माणसाकडे एकच काम उरते, जागा करायची. निरोपात दोन सूचना लिहाव्या लागत असतील तर बहुतेक वेळा निरोप आखडण्यापेक्षा स्क्रिप्ट सुधारण्याची गरज असते. मला हे निरोप लिहू लागल्यावर कळले, स्क्रिप्ट लिहिताना नाही.

सूचनेला वेळ जोडायची. ती हवेतून काढायची नाही. आपल्या मशीनवर साफसफाईचे काम दुपारी १२ ला चालते आणि स्थानिक प्रत उडवते. त्याआधी दुसरी प्रत पोहोचली पाहिजे. पाठवायला पाव तास, मधला अर्ध्या तासाचा फेरा, थोडी हाताशी सवड. म्हणून सकाळी १०. ही वेळ लिहिली की वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट कळते आणि ती मोलाची आहे: आत्ता उठायची गरज नाही.

सगळे जोडले की:

"बॅकअप अर्धवट: दुसरी प्रत नाही. सकाळी १० पर्यंत store2 वर जागा करा."

जागा ६६. एका एसएमएसमध्ये बसला. मशीनचे नाव रोमनमध्ये तसेच ठेवले आहे, कारण ते टाइप करायचे आहे आणि देवनागरीत लिहिले तर "स्टोअर २" की "स्टोर२" असा नवा घोळ होईल. उरलेल्या चार जागा मी भरल्या नाहीत. उद्या मशीनचे नाव `store12` झाले तरी निरोप फुटायला नको.

यात लॉगची लिंक नाही, हे काहींना खटकेल. लिंक सहज तीसेक जागा खाते आणि अनोळखी क्रमांकावरून आलेल्या एसएमएसमधली लिंक उघडू नका असे आपणच सगळ्यांना सांगत असतो. लॉग कुठे असतो ते ड्युटीवरच्या माणसाला एकदा सांगून ठेवावे.

"करा" कुणाला उद्देशून, हाही प्रश्न आहे. हा निरोप पाच जणांना गेला तर प्रत्येकाला वाटते की बाकी चौघांपैकी कुणीतरी बघेल. एसएमएस त्या रात्री ज्याची पाळी आहे त्या एकालाच जावा. बाकीच्यांना हवे तर सकाळी मेलने कळवा.

निरोपाच्या शब्दांबद्दल एवढे झाले. पण निकालाचा शब्द खरा नसेल तर वरची सगळी कारागिरी फुकट, आणि तो खोटा ठरण्याचा एक जुना, ठरलेला मार्ग आहे. मी स्वतः त्यावरून गेलो आहे. माझी स्क्रिप्ट साधी होती. `pg_dump` ने प्रत काढायची, ती आवळायला `gzip` मध्ये ओतायची, आणि शेवटचा कोड शून्य, म्हणजे काम ठीक, असा आला तर "झाला" असे पाठवायचे. अकरा रात्री "झाला" आला. बाराव्या दिवशी कुणाला जुना डेटा हवा होता म्हणून फोल्डर उघडला, तर अकराही फाइली प्रत्येकी २० बाइटच्या. जीबी नाही, केबी नाही, वीस बाइट.

झाले होते असे. डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता आणि `pg_dump` आत शिरता न आल्याने लगेच बाहेर पडत होता. त्याच्याकडून काहीच न आल्याने `gzip` ने काहीच नसलेले नीट आवळून फाइल बनवली. रिकाम्या मजकुराची `gzip` फाइल २० बाइटची होते. आणि पाइपने जोडलेल्या आज्ञांचा कोड शेलमध्ये शेवटच्या आज्ञेचा धरला जातो. `gzip` चे काम उत्तम झाले होते, म्हणून शून्य. गंमत म्हणजे `gzip -t` ने तपासले असते तरी फाइल ठीक असल्याचेच उत्तर आले असते, कारण फाइल म्हणून ती ठीकच होती.

इलाज दोन नव्या ओळींचा आहे. बॅशमध्ये:

```
set -o pipefail
pg_dump sales_db | gzip > sales.gz; rc=$?
zcat sales.gz | tail -n 8 | grep -q 'dump complete' || rc=1
```

पहिल्या ओळीमुळे पाइपमधली कुठलीही आज्ञा फसली तरी कोड शून्य येत नाही. शेवटची ओळ प्रत खरोखर शेवटपर्यंत लिहिली गेली का ते पाहते. साध्या मजकुराच्या रूपात काढलेल्या प्रतीच्या तळाशी `pg_dump` स्वतःच `PostgreSQL database dump complete` असे लिहून ठेवतो. ती ओळ सापडली तरच निरोपात "झाला" लिहायचे. याने प्रत परत भरता येतेच असे सिद्ध होत नाही. त्यासाठी ती अधूनमधून वेगळ्या मशीनवर भरून पाहावी लागते, आणि तो वेगळा रन आणि वेगळा निरोप.

उलट बाजूही आहे. शून्य नसलेला प्रत्येक कोड म्हणजे संकट नव्हे. `rsync` चा २४ हा कोड सांगतो की यादी करताना असलेल्या काही फाइली पाठवायच्या वेळी गायब झाल्या होत्या. सतत बदलणाऱ्या फोल्डरमध्ये हे रोजचे आहे आणि दर रात्री "अर्धवट" पाठवले तर पाचव्या दिवशी तो शब्द कुणी वाचणार नाही. मात्र आपल्या बॅकअपमध्ये एकच फाइल जाते. तीच गायब झाली तर तो "फसला". एकाच कोडचे दोन अर्थ होतात, आणि कुठला घ्यायचा हे त्या कामाच्या मालकाने आधी ठरवावे लागते. स्क्रिप्टला ते आपोआप कळत नाही.

राहिला चौथा शब्द. मशीन बंद पडले किंवा रात्रीचे काम सुरूच झाले नाही, तर निरोप पाठवणार कोण? मेलेला माणूस स्वतःची खबर देत नाही. अशा वेळी फोन शांत राहतो आणि शांततेचा अर्थ आपण सवयीने "सगळे ठीक" असा लावतो. म्हणून दुसऱ्या मशीनवर एक छोटा राखणदार ठेवायचा. बॅकअपने संपल्यावर त्याला हजेरी द्यायची, आणि पहाटे ४ पर्यंत हजेरी लागली नाही तर राखणदाराने स्वतः निरोप पाठवायचा:

"बॅकअप बेपत्ता: ४ पर्यंत निरोप नाही. srv3 चालू आहे का पाहा."

जागा ५८. इथे कारण कुणालाच माहीत नाही, म्हणून सूचना दुरुस्तीची नाही, तपासाची आहे. पण तपासही एकच, आणि त्याच्या उत्तरावरून वाट फुटेल असा. मशीन चालू असेल तर काम का सुरू झाले नाही ते शोधायचे, बंद असेल तर आधी मशीन उठवायचे.

राखणदार असला की "झाला"चा एसएमएस रोज पाठवायची गरज उरत नाही. माझ्याकडे तो फोनच्या ॲपवर, आवाज न करता येतो. एसएमएसचा आवाज झाला की काहीतरी करायचे आहे, एवढा संकेत पाळला तर लोक तो आवाज ऐकतात.

ॲपच्या नोटिफिकेशनला शीर्षक वेगळे असते, ठळक अक्षरांत. बरेच जण तिथे कामाचे किंवा कंपनीचे नाव ठेवतात. निकाल तिथेच हवा: शीर्षक "बॅकअप अर्धवट", खाली बाकीचे. अँड्रॉइडवर मिटलेल्या अवस्थेत मजकुराची साधारण एकच ओळ दिसते, आयफोनवर जास्त दिसते, आणि मोठा फॉन्ट ठेवणाऱ्याच्या फोनवर दोन्हीकडे कमी. म्हणून माझ्या फोनवर नीट दिसले यावर जाऊ नये. आपल्यातल्या ज्याचा फॉन्ट सर्वांत मोठा आहे त्याच्या फोनवर पाहावे.

एक सोय ॲपला आहे आणि एसएमएसला नाही. जुने नोटिफिकेशन नव्याने बदलता येते. अर्ध्या तासाने केलेला प्रयत्न पुन्हा फसला तर त्याच ओळखीने पाठवलेले नोटिफिकेशन आधीचे पुसून त्याच्या जागी बसते. एसएमएस एकदा गेला की गेला. प्रत्येक प्रयत्नाला एसएमएस पाठवत बसलो तर सकाळपर्यंत दहा-बारा साचतात आणि शेवटचा कुठला ते वाचणाऱ्याने वेळा जुळवून ठरवायचे. एसएमएस दोनदाच: पहिल्यांदा बिघडल्यावर आणि मिटल्यावर. मधले फेरे ॲपवर.

आणि लॉक स्क्रीन कुलूप उघडायच्या आधीची असते. टेबलावर पालथा न ठेवलेला फोन शेजारचाही वाचतो. चूक सांगणारा मूळ मजकूर निरोपात चिकटवू नये याचे मोठे कारण हे. डेटाबेसशी जोडणी फसली की काही प्रोग्राम पूर्ण पत्ताच छापतात, `postgres://` पासून सुरू होणारा, आणि त्यात वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड दोन्ही असू शकतात. निरोपाचे शब्द आधी लिहून ठेवलेल्या नमुन्यातून यावेत, बाहेरून फक्त वेळ आणि मशीनचे नाव भरले जावे. ओळखता न आलेली चूक असेल तर "फसला: कारण लॉगमध्ये" एवढेच. तिथे मात्र "लॉग पाहा" म्हणण्यावाचून इलाज नसतो, आणि असा निरोप दोनदा आला की त्या चुकीसाठी नमुन्यात नवी ओळ घालायची.

त्या सकाळी पाळीवरच्या माणसाने ९:२० ला `store2` वरच्या जुन्या प्रती काढल्या. ९:३० च्या फेऱ्यात प्रत निघाली आणि पाव तासाने दुसरा एसएमएस आला, ५७ जागांचा:

"बॅकअप झाला: दुसरी प्रत ९:४५ ला पोहोचली. काही करायचे नाही."